वाचताना कळतं, विचारल्यावर आठवत नाही: ब्रॅकियल प्लेक्ससचा अभ्यास कसा करायचा

प्रश्न: अक्का, कॉलेजला लागून दीड महिना झाला. रोज रात्री एक-दीडपर्यंत वाचतो. वाचताना सगळं कळतं, अर्धं पुस्तक हायलाइट करून झालंय. पण डिसेक्शनला मॅडमनी विचारलं की काहीच आठवत नाही. पंधरा दिवसांनी अप्पर लिंबची पार्ट कम्प्लिशन टेस्ट आहे आणि ब्रॅकियल प्लेक्सस डोक्यात बसत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलो म्हणून असं होतंय का? अजून किती तास वाढवू?

उत्तर:

प्रिय बाळ्या,

तास वाढवू नकोस. आत्ता जेवढे तास देतोस त्यातलेच निम्मे वाचण्यातून काढ आणि पुस्तक मिटून आठवण्यात घाल. मराठी शाळेचा यात काही दोष नाही. पीजीच्या आधी मी ॲनाटॉमीत ट्यूटर होते, तेव्हा इंग्रजी शाळांतून आलेली मुलंही टेबलाशी अशीच गप्प उभी राहिलेली बघितली आहेत. भाषेची म्हणून जी खरी अडचण आहे ती पुढे सांगते. आधी मूळ दुखणं बघू.

पुस्तक उघडं असताना "अल्नर नर्व्ह मेडियल कॉर्डपासून निघते" हे वाक्य तुझ्या ओळखीचं वाटतं. दुसऱ्यांदा वाचलं की जास्त ओळखीचं वाटतं, तिसऱ्यांदा तर ते आपल्याला येतंच असं वाटायला लागतं. पण मॅडम विचारतात तेव्हा ते वाक्य समोर नसतं. ते तुला आतून बाहेर काढावं लागतं, आणि ते काढायचा सराव तू एकदाही केलेला नसतो. 2006 साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काही उतारे मुलांनी दोनदा वाचले. काही उतारे एकदाच वाचले आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, 81 टक्के विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं घेतली तेव्हा उलटं झालं. दोनदा वाचलेल्यातलं 42 टक्के उरलं होतं आणि लिहून काढलेल्यातलं 56 टक्के. रात्री दीड वाजता पुस्तक मिटताना तुला जे "झालं" असं वाटतं ना, ते पाच मिनिटांनंतरचं वाटणं आहे. तुझी टेस्ट पंधरा दिवसांनी आहे.

हायलाइटरचंही तेच. ओळ पिवळी करताना हात चालतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण आठवायचं काहीच झालेलं नसतं. हायलाइटर बाजूला ठेव. ए-फोर कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणि एक लाल पेन, एवढं पुरे.

आता ब्रॅकियल प्लेक्सस. पहिल्या वर्षातली पुष्कळ मुलं इथंच अडखळतात, आणि हा एक नीट केलास तर बाकीच्या नर्व्ह कशा करायच्या हे आपोआप कळतं. म्हणून हाच घेऊन सगळं सांगते.

डिसेक्शनच्या आदल्या संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं एकदा शांतपणे वाच. पाठ करायला बसू नकोस, रचना समजून घे. पाच रूट, सी फाइव्ह ते टी वन. त्यांचे तीन ट्रंक होतात: सी फाइव्ह आणि सी सिक्स मिळून अप्पर, एकटा सी सेव्हन मिडल, सी एट आणि टी वन मिळून लोअर. प्रत्येक ट्रंक क्लॅव्हिकलच्या मागे दोन डिव्हिजनमध्ये फुटतो, एक पुढची आणि एक मागची. अशा सहा झाल्या. मागच्या तिन्ही एकत्र येऊन पोस्टिरिअर कॉर्ड. वरच्या दोन ट्रंकच्या पुढच्या डिव्हिजन मिळून लॅटरल कॉर्ड, आणि लोअर ट्रंकची पुढची डिव्हिजन एकटीच पुढे जाऊन मेडियल कॉर्ड. यातलं कारण लक्षात घे. पुढच्या डिव्हिजनमधून निघालेल्या नर्व्ह दंड आणि हात यांच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंना जातात, म्हणजे वाकवणाऱ्यांना. मागच्या डिव्हिजनमधून निघालेल्या मागच्या बाजूच्यांना, म्हणजे सरळ करणाऱ्यांना. हे कळलं की रेडियल नर्व्ह पोस्टिरिअर कॉर्डचीच का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. समजून न घेता आठवायला बसलास तर नुसती घोकंपट्टी होते आणि ती चार दिवसांत उडते. म्हणून हे पहिलं वाचन टाळू नकोस, फक्त ते एकदाच कर.

दुसऱ्या दिवशी टेबलावर. पुस्तक हातात धरून मागे उभा राहू नकोस, पुढे जा, फोरसेप्स हातात घे. ॲक्झिलरी आर्टरीचा तिसरा भाग शोध. तिच्या पुढच्या अंगाला तीन जाड नर्व्हचा इंग्रजी "एम" दिसेल: बाहेरच्या बाजूला मस्क्युलोक्युटेनिअस, मध्ये दोन मुळं एकत्र येऊन झालेली मीडियन, आतल्या बाजूला अल्नर. आता आर्टरी हलकेच वर उचल. मागे पोस्टिरिअर कॉर्ड आणि तिच्यातून उतरणारी जाडजूड रेडियल दिसेल. हे सगळं बोटानं चाचपून बघ. नर्व्ह दाबली तर भरीव दोरीसारखी लागते. आर्टरी दोन बोटांत दाबली की तिची भिंत जाणवते आणि आतून ती पोकळ लागते.

इथं मुलांची एक गोष्ट हमखास चुकते. ती नर्व्ह जागेवरून ओळखतात, "सर्वांत बाहेरची म्हणजे मस्क्युलोक्युटेनिअस" अशी. पण डिसेक्शन करताना सगळं इकडेतिकडे सरकलेलं असतं. एखाद्या बॉडीत मस्क्युलोक्युटेनिअस नसतेच, तिचं काम मीडियनच्या फांद्या करतात. म्हणून नर्व्ह कुठून येते आणि कुठे जाते, ही दोन टोकं धरून ओळखायची. कोराकोब्रॅकिॲलिस स्नायूला भोक पाडून आत शिरते ती मस्क्युलोक्युटेनिअस. कोपराच्या आतल्या हाडामागून जाते ती अल्नर. ह्युमरसच्या मागे प्रोफंडा ब्रॅकाय आर्टरीबरोबर वळते ती रेडियल. स्पॉटरमध्ये टाचणी लावून विचारतात तेव्हा पुढचा प्रश्न "कशावरून ओळखलंस?" हाच असतो. ज्यानं दोन्ही टोकं बघितलेली असतात तो उत्तर देतो.

त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, पुस्तक बॅगेतच राहू दे. कोरा कागद घे आणि प्लेक्सस काढ. आधी नावं न घालता नुसत्या रेघा ओढ: पाच, तीन, सहा, तीन, आणि शेवटी पाच टर्मिनल नर्व्ह. मग नावं घाल. मग मधल्या फांद्या. रूटपासून निघणारी डॉर्सल स्कॅप्युलर आणि लाँग थोरॅसिक, अप्पर ट्रंकपासूनची सुप्रास्कॅप्युलर आणि सबक्लेव्हिअसची, आणि मग एकेका कॉर्डच्या. सर्वांत शेवटी रूट व्हॅल्यू. आठवत नसेल तिथे लगेच पुस्तक उघडायचं नाही. जागा मोकळी सोड, प्रश्नचिन्ह टाक, पुढे जा, आणि शेवटी परत त्या जागेकडे ये. अडल्यावर मिनिटभर डोकं खाजवत बसणं हाच अभ्यासाचा मुख्य भाग आहे, तो वेळ वाया जात नाही. पंचवीस-तीस मिनिटांत जेवढं होईल तेवढं कर. मग पुस्तक उघड आणि लाल पेनानं तपास. चुकलेलं खोडायचं नाही, शेजारी लाल रंगात बरोबर लिहायचं.

पहिला कागद लालेलाल होईल. होऊ दे. तो कागद आता तुझं खरं पुस्तक आहे, कारण तुला काय येत नाही हे त्यावरच लिहिलेलं आहे. आणि बघ, चुका विखुरलेल्या नसतात, त्याच त्याच जागी होतात. लोअर ट्रंकची मागची डिव्हिजन काढायची राहते. थोरॅकोडॉर्सल मेडियल कॉर्डवर लटकवली जाते, खरं तर ती दोन सबस्कॅप्युलरच्या मधली, पोस्टिरिअर कॉर्डची. लॅटरल आणि मेडियल पेक्टोरल उलट्या होतात, कारण मुलं त्यांना छातीवरच्या जागेवरून ठरवतात, आणि नाव तर ज्या कॉर्डपासून निघतात तिच्यावरून पडलेलं आहे. अशी तुझी तीन-चार लाल ठिकाणं कागदाच्या मागे प्रश्नाच्या रूपात लिहून ठेव. "थोरॅकोडॉर्सल कुठून?" एवढंच, उत्तर लिहायचं नाही.

आता दिवसांचं अंतर. आज काढलेला कागद उद्या परत काढ, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग टेस्टच्या आदल्या दिवशी. दर वेळी नवा कोरा कागद, आणि आधी मागचा कागद न बघता. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत तो दहा मिनिटांच्या आत यायला लागतो. अंतर किती ठेवायचं याचा साधा नियम म्हणजे कागद जवळजवळ स्वच्छ आला तर पुढची खेप दुप्पट दिवसांनी, तीन-चार ठिकाणी लाल झाला तर परत उद्याच. थोडं विसरायला लागल्यावर आठवलेलं जास्त टिकतं. म्हणून एकाच संध्याकाळी पाच कागद काढण्यात अर्थ नाही. पाचवा कागद सुंदर येतो, पण तो चौथ्या कागदाकडे बघितल्यासारखाच असतो.

इथवर आलास तरी तुला फक्त आकृती आली. टेस्टमध्ये आकृतीचे मार्क मिळतील, पण व्हायवात सर ती आकृती बाजूला ठेवून विचारतील, "दंडाचं हाड मध्यावर मोडलं, पेशंटला काय होईल?" तेव्हा आकृती नुसती पाठ असलेला मुलगा रेडियल नर्व्हचं नाव घेतो आणि थांबतो. म्हणून आठवड्यानंतरच्या खेपेला एकेक नर्व्ह वेगळी घे आणि तिच्यावर पेशंट उभा कर. रेडियलवर तो कसा उभा करायचा ते दाखवते, कारण ऑर्थोपेडिक्समध्ये आम्हाला ती सारखी भेटते.

चोर्ला घाटात बाइक घसरून आलेला तरुण धर. उजवा दंड सुजलेला, एक्स-रेमध्ये ह्युमरस मध्यावर मोडलेलं. मनगट खाली लोंबतंय, वर उचल म्हटलं तर उचलत नाही. आता कोऱ्या कागदावर रेडियल नर्व्हची वाट काढ आणि त्या वाटेवर फांद्या कुठे कुठे निघतात ते वरून खाली लिही. ॲक्झिलामध्येच ट्रायसेप्सच्या लाँग हेडला आणि मेडियल हेडला फांदी जाते. मग नर्व्ह ह्युमरसच्या मागच्या स्पायरल ग्रूव्हमध्ये शिरते, हाडाला चिकटून. तिथं लॅटरल हेड, परत मेडियल हेड, आणि ॲन्कोनिअस. मग लॅटरल इंटरमस्क्युलर सेप्टममधून पुढे येते आणि कोपराच्या जरा वर ब्रॅकिओरेडिॲलिस आणि एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस लाँगस यांना फांद्या देते. कोपरापाशी दोन भाग होतात. वरवरची फांदी कातडीसाठी, आणि खोल फांदी सुपिनेटरमधून पार होऊन मागच्या बाजूला जाते, ती पोस्टिरिअर इंटरऑशियस. बोटं आणि अंगठा सरळ करणारे स्नायू तिच्यावर.

हा कागद समोर ठेवून विचार कर. मोड ग्रूव्हच्या पातळीवर आहे. तिच्या वर निघालेल्या फांद्या शाबूत, खालच्या गेल्या. म्हणजे कोपर सरळ करायला ट्रायसेप्स बऱ्यापैकी राहील, मनगट आणि बोटं उचलणारे सगळे जातील, आणि हाताच्या पाठीवर अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खोबणीत बधिरपणा येईल. हेच सारं पाठ न करता वाटेवरून निघालं बघ. आता प्रश्न बदल. इजा वर ॲक्झिलात झाली, कुबडी दाबून दाबून, तर? मग ट्रायसेप्सही गेला, कोपर जोर लावून सरळ होणार नाही. इजा खाली, फक्त पोस्टिरिअर इंटरऑशियसला झाली तर? कार्पी रेडिॲलिस लाँगसची फांदी आधीच निघून गेलेली आहे, म्हणून मनगट पूर्ण पडत नाही, उचलताना अंगठ्याच्या बाजूला वळत उचलतं. बोटं मात्र उचलत नाहीत. आणि बधिरपणा नाही, कारण कातडीची फांदी वेगळी झाली. एकच नर्व्ह, तीन पातळ्या, तीन वेगळे पेशंट. व्हायवात सर तुला या तिन्हींत वरखाली फिरवतात. वाट काढता येत असेल तर त्यांनी कुठेही नेलं तरी तुला रस्ता सापडतो.

तपासताना एक फसवी जागा आहे, ती तुला आत्ताच सांगून ठेवते, कारण पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. असा पेशंट आला की शिकाऊ डॉक्टर त्याचं लोंबणारं मनगट खालून हातानं आधार देऊन सरळ धरतो आणि म्हणतो, "बोटं सरळ कर." पेशंट बोटांची पेरं सरळ करून दाखवतो. डॉक्टरला वाटतं, नर्व्ह चालू आहे. ती नसते. पेरांचे सांधे सरळ करायचं काम हाताच्या तळव्यातले लंब्रिकल आणि इंटरऑशिआय हे छोटे स्नायूही करतात, आणि त्यांना अल्नर आणि मीडियन आहेत. रेडियल तपासायची तर बोटांच्या मुळाचा, मुठीच्या टोकांचा सांधा बघायचा. तळवा टेबलावर पालथा टेकवून मूळ सांध्यातून बोटं वर उचलायला सांगायची. अंगठाही टेबलावरून वर उचलायला सांगायचा. हे आत्ता स्वतःच्या हातावर कर. डाव्या हाताची बोटं उजव्या मुठीच्या सांध्यांवर ठेवून हालचाल कुठून होते ते बघ. दोन मिनिटं लागतात आणि लंब्रिकलचं काम परत कधी विसरायला होत नाही.

आणि अशा बंद मोडीतल्या बहुतेक रेडियल नर्व्ह तुटलेल्या नसतात, ताणलेल्या किंवा दबलेल्या असतात. मनगटाला आधाराचा स्प्लिंट देऊन थांबलं तर काही महिन्यांत आपोआप परत येतात. आधी ब्रॅकिओरेडिॲलिस आणि मनगट उचलणारे जागे होतात, बोटं आणि अंगठा शेवटी. हाही क्रम तुझ्या कागदावर आहेच: ज्याची फांदी वर निघते तो आधी परत येतो. पेशंटच्या आईला "कधी बरं होणार?" याचं उत्तर देताना मी मनात हीच वाट वरून खाली चालत असते.

आता भाषा. तुझी अडचण समजण्याची नाही, तोंडातून काढण्याची आहे. कोराकोब्रॅकिॲलिस हा शब्द बेंगळुरूच्या मुलालाही परकाच. पण त्याच्या तोंडात इंग्रजी वाक्य तयार असतं आणि तुला ते तिथल्या तिथे जुळवावं लागतं, त्यात आठवलेलंही निसटतं. पीयूसीच्या दोन वर्षांत तू इंग्रजी वाचायला शिकलास, बोलायला कुणी शिकवलं नाही. तेव्हा विचार मराठीतच कर, बिनधास्त. रेडियलची वाट मनात "हाडामागून वळते, सेप्टममधून पुढे येते" अशीच राहू दे. पण कागद झाला की उभा राहून तो इंग्रजीत मोठ्यानं सांग. कुठल्याही नर्व्हसाठी एकच ठरलेला क्रम धर: उगम, रूट व्हॅल्यू, मार्ग, फांद्या, काय काय पुरवते, इजा झाली तर काय. सहा टप्पे, प्रत्येकाची दोन-दोन छोटी वाक्यं. क्रम पक्का असला की पुढचं वाक्य कुठलं याचा विचार करावा लागत नाही, सगळं लक्ष मजकुरावर राहतं. रूममेटला समोर बसव, त्याला कागद धरायला सांग आणि चुकलास तिथं टोकायला सांग. मग तो सांगेल, तू टोक. फोनवर स्वतःचं रेकॉर्ड करून ऐकलंस तर पहिल्यांदा नको वाटेल, पण कुठे अडखळतोस ते लगेच कळतं.

कन्नडचं वेगळं. खानापूरकडे वाढलास, बाजारापुरतं येतं, पण पेशंटशी बोलायला ते पुरणार नाही. आता पहिल्या वर्षापासूनच गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जायचं असतं, आणि बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या आजीबाई तुझ्याशी मराठीत बोलणार नाहीत. "एल्लि नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय, "यावागिंद?" म्हणजे कधीपासून, इथून सुरुवात कर. बॅचमधल्या एखाद्या कन्नड मुलाबरोबर रोज जेवायला बसत जा, त्यासाठी वेगळा क्लास नको.

बाकी विषयांचं थोडक्यात सांगते. फिजिऑलॉजीत हाच कोरा कागद चालतो, पण तिथं आकृतीऐवजी कारणांची साखळी लिही: रक्तदाब कमी झाला, मग काय, मग काय. बायोकेमिस्ट्रीत सायकलच्या प्रत्येक पायरीचं नाव घोकण्याआधी कुठली पायरी वेग ठरवते आणि ती बिघडली तर कुठला आजार होतो एवढं आधी काढ. हिस्टॉलॉजी मात्र कागदावर होत नाही. तिथं डोळ्याला सवय लागावी लागते, मायक्रोस्कोपपाशीच बस. स्लाइड बघून आधी स्वतः नाव ठरव, का ते मनात सांग, आणि मगच लेबल बघ.

अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप वापरायचं का, असं तू मागे फोनवर विचारलं होतंस. वापर, पण दुसऱ्याची हजारो कार्डं उतरवून घेऊ नकोस. स्वतःच्या लाल चुकांचीच कार्डं कर, एका कार्डावर एकच गोष्ट. कार्डांवर रूट व्हॅल्यू छान बसतात. नर्व्हची वाट आणि एकमेकांशी असलेलं नातं कार्डांवर तुटून जातं, त्याला कागदच हवा. पुस्तक एका विषयाला एकच धर. सीनिअर तीन-तीन सुचवतील, तर दुसरं फक्त अडलेलं बघायला लायब्ररीत. तिथंच विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. टेस्टच्या आठवड्यात त्यातला एक मोठा प्रश्न घड्याळ लावून पूर्ण लिहून बघ. येतंय पण वेळेत लिहून होत नाही, हे टेस्टच्या आधी कळलेलं बरं.

रात्री एक-दीडचं जागरण मात्र बंद. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, आणि सकाळी आठच्या लेक्चरला पेंगत बसलास तर तेच रात्री परत वाचावं लागतं. अकराला झोप. सकाळी उठल्यावर चहाआधी दहा मिनिटं, कालच्या कागदामागचे ते तीन-चार प्रश्न, पुस्तक न उघडता. आईला सांगितलंय मी, रात्री साडेदहानंतर तुला फोन करत जाऊ नको म्हणून.

टेस्टला पंधरा दिवस आहेत, म्हणजे आज, उद्या, रविवारी आणि पुढच्या शनिवारी असे चार कागद आरामात होतात. मधल्या दिवसांत मीडियन आणि अल्नर रेडियलसारख्याच, पातळी बदलून. अल्नरला एकच सांगते: इजा मनगटापाशी झाली तर बोटं जास्त आखडलेली दिसतात, कोपरापाशी झाली तर कमी. वरची इजा मोठी असून हात कमी वाकडा का दिसतो, हे पुस्तक न बघता शोध. अडलास तर फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसच्या फांद्या कुठे निघतात तिथून सुरू कर. पहिला कागद आज रात्री काढून लाल खुणांसकट त्याचा फोटो मला पाठव, स्वच्छ करून नको. रविवारी घरी येशील तेव्हा कोरे कागद घेऊन ये, जेवणाआधी मी तुझी रेडियलची व्हायवा घेणार आहे, इंग्रजीत.

तुझी अक्का